ज्युदोची पहिली स्पर्धा: मॅटवर पाऊल ठेवण्यापासून ‘हाजिमे’पर्यंत रेई कशी करायची

तालमीत वाढलेलं पोर ज्युदोच्या पहिल्या स्पर्धेला उतरलं की हमखास एक गोष्ट करतं. नाव पुकारलं जातं, ते मॅटवर येतं आणि समोरच्याकडे हात पुढे करत सरळ चालू लागतं. कुस्तीत ते बरोबरच आहे, सलामी झडल्याशिवाय कुस्ती लागत नाही. ज्युदोत मात्र पंच त्याला हातानेच थांबवतात आणि मागे जायला सांगतात. लढत सुरू होण्याआधी खेळाडूंनी हस्तांदोलन करायचं नाही, असं आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाचे नियम स्पष्ट सांगतात. हात मिळवायचा तो लढत संपल्यावर, आणि तोही ऐच्छिक. सक्तीचं आहे ते वाकून अभिवादन करणं, म्हणजेच रेई. ती लढतीआधी करायची आणि लढतीनंतरही.

हा लेख आंतरशालेय किंवा जिल्हा स्पर्धेला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे आणि प्रेक्षकांत बसून ‘आमच्या मुलाला पंच परत का बोलावतायत?’ म्हणून कासावीस होणाऱ्या आईवडिलांसाठीही. क्लबमध्ये रेई सगळेच शिकतात. पण क्लबमधली रेई सरांच्या हुकमावर सगळ्यांबरोबर होते. स्पर्धेत तुम्ही एकटे असता, छातीत धडधडत असतं, आणि कुठे थांबायचं, कधी वाकायचं, कुठला पाय टाकायचा हे सगळं स्वतःच लक्षात ठेवावं लागतं.

आधी कपडे

रेईची सुरुवात मॅटच्या बाहेरच होते. तुमच्या आधीची लढत चालू असेल तेव्हा उभे राहून ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, नीट करून घ्या. जॅकेटची डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. पट्टा कमरेभोवती घट्ट, गाठ चौकोनी आणि दोन्ही टोकं साधारण सारखी लोंबणारी हवीत. पायजम्याची नाडी आत खोचा. गाठ सैल असेल तर पंच तुम्हाला रेईच्या आधीच थांबवून ती बांधायला लावतील, आणि सगळ्यांसमोर थरथरत्या बोटांनी पट्टा बांधणं हे पहिल्या लढतीत कुणालाच नको असतं. मुलींनी जॅकेटच्या आत पांढरा टी-शर्ट घालायचा असतो, तोही खोचलेला असावा. घड्याळ, अंगठी, कानातलं, हातातला गंडा, गळ्यातली साखळी हे सगळं आईकडे देऊन टाका. केस बांधायचे तर साध्या रबरने, धातूची क्लिप चालत नाही.

चप्पल मॅटच्या कडेपर्यंत घालूनच जा आणि कडेला काढा. अनवाणी पायांनी स्वच्छतागृहापर्यंत जाऊन तसंच मॅटवर येणारी मुलं दर स्पर्धेत दिसतात. ज्या मॅटवर समोरच्याचं तोंड टेकणार आहे, ती घाण करून मग त्याच्यापुढे वाकण्यात काही अर्थ नाही. हे माझं मत नियमपुस्तकात याच शब्दांत नसेल, पण पाय स्वच्छ हवेत आणि नखं कापलेली हवीत, हे त्यात नक्की आहे.

कुठे उभं राहायचं

मॅटकडे नीट पाहिलंत तर दोन रंग दिसतील. मधला चौकोन म्हणजे लढतीचं क्षेत्र. तो 8 मीटर ते 10 मीटर बाजूचा असतो. त्याच्या भोवतीचा वेगळ्या रंगाचा पट्टा म्हणजे सुरक्षा क्षेत्र, फेकलेला माणूस जमिनीवर पडू नये म्हणून ठेवलेलं. नवख्यांचा गोंधळ होतो तो या दोन रंगांच्या सीमेवर. बाहेरच्या पट्ट्यावरून चालत आत यायचं आणि मधल्या चौकोनाच्या कडेशी, आपल्या बाजूच्या बरोबर मध्यावर थांबायचं. थेट आत घुसायचं नाही.

आपली बाजू कुठली? ज्याचं नाव आधी पुकारलं तो पांढरा, तो पंचांच्या उजव्या हाताला. नंतर पुकारलेला निळा, तो डाव्या हाताला. मोठ्या स्पर्धांत निळा ज्युदोगी घालावाच लागतो. आपल्याकडे जिल्हा पातळीवर सगळ्यांकडे दोन रंगांचे ज्युदोगी नसतात, तेव्हा दोघंही पांढऱ्यातच लढतात आणि ओळखण्यासाठी एकाला वेगळ्या रंगाचा पट्टा देतात. तो पट्टा कुठून घ्यायचा आणि लढतीनंतर कुठे परत ठेवायचा, हे मॅटशेजारच्या टेबलावर आधीच विचारून ठेवा. पुढच्या मुलाची लढत तुमच्या कमरेच्या पट्ट्यावाचून अडकू नये.

बाहेरून मॅटवर चढताना वाकायचं की नाही, असं पालक विचारतात. नियमाने ते ऐच्छिक आहे. तरी मी वाकायला सांगतो, कारण धावतपळत आलेलं मूल त्या एका क्षणात स्थिर होतं. पण ती रेई समोरच्या खेळाडूसाठी नसते, म्हणून ती केली की झालं असं समजू नका. खरी रेई पुढे आहे.

प्रत्यक्ष रेई

आता दोघंही आपापल्या कडेला उभे आहात. पंच मध्ये आहेत. ते दोघांना पुढे यायची खूण करतात. मग दोघांनी बरोबरीने चालत आपापल्या सुरुवातीच्या जागेपर्यंत यायचं आणि थांबायचं. ‘बरोबरीने’ हा शब्द इथे महत्त्वाचा. समोरचा सावकाश येत असेल तर तुम्हीही सावकाश चला. आधी पोहोचून उड्या मारत वाट बघण्यात कसला दरारा नाही, पंचांना फक्त एवढंच कळतं की हा मुलगा घाबरलाय.

थांबलात की टाचा जोडा, पायांचे चवडे किंचित बाहेर. हात मांड्यांच्या बाजूला सरळ, बोटं एकमेकांना चिकटलेली. एक श्वास घ्या. समोरच्याकडे बघा. आणि मग दोघांनी एकाच वेळी कमरेतून वाका.

कमरेतून म्हणजे नेमकं कसं? पाठ आणि मान एका रेषेत ठेवायची आणि धड साधारण 30 अंश पुढे न्यायचं. वाकताना हात मांड्यांवरून पुढे घसरत येतात आणि बोटांची टोकं गुडघ्यांच्या थोडी वर थांबतात. गुडघे वाकत नाहीत. नजर कुठे ठेवायची ते वेगळं ठरवावं लागत नाही, मान सरळ असली की ती आपोआप समोरच्या जमिनीवर जाते. वाकलेल्या स्थितीत क्षणभर थांबायचं आणि ज्या वेगाने गेलात त्याच वेगाने वर यायचं. मनातल्या मनात ‘एक’ म्हणत खाली, ‘दोन’ला थांबा, ‘तीन’ला वर.

चुका बहुतेक तीनच प्रकारच्या होतात आणि तिन्ही लांबूनही ओळखू येतात. पहिली, फक्त मान हलवणं. रस्त्यात ओळखीचा दिसल्यावर आपण मान डोलावतो, तशी. पंच अशी रेई मोजतच नाहीत. दुसरी, वाकताना डोळे वर करून समोरच्याकडे रोखून पाहणं. काही मुलांनी हे सिनेमातून घेतलेलं असतं: म्हणे शत्रूवरची नजर काढायची नाही. त्यात मान मागे मोडते, पाठीला बाक येतो आणि सगळं अभिवादन संशयाने केल्यासारखं दिसतं. इथे समोरच्यावर विश्वास ठेवूनच वाकायचं आहे. पंच ‘हाजिमे’ म्हणजे ‘सुरू करा’ असं म्हणेपर्यंत तो काही करू शकत नाही, आणि तुम्हीही नाही. तिसरी चूक चालता चालता वाकण्याची. पाय थांबण्याआधीच कंबर वाकते आणि वर येईपर्यंत पोरगं समोरच्याच्या अंगावर पोहोचलेलं असतं.

रेई झाली नाही किंवा चुकीची झाली, तर पंच ती पुन्हा करायला लावतात. तेवढ्यासाठी कुणाला गुण द्यावा लागत नाही, म्हणून पंचांनी ‘पुन्हा’ अशी खूण केली तर घाबरू नका. परत सरळ उभे राहा आणि नीट वाका. बिघडतं ते मूल पंचांकडे ‘आता काय?’ अशा नजरेने बघत उभं राहतं आणि तेवढ्यात त्याचं मन लढतीतून निघून जातं तेव्हा.

रेई झाल्यावर डाव्या पायाने एक पाऊल पुढे. मग उजवा पाय त्याच्या रेषेत, खांद्याएवढं अंतर ठेवून. हात मोकळे. आता पंच ‘हाजिमे’ म्हणतील आणि लढत सुरू होईल. त्या शब्दाच्या आधी समोरच्याची कॉलर धरायची नाही की हात पुढे करायचा नाही.

हस्तांदोलनाला बंदी का असावी, याचं नियमपुस्तकात लांबलचक स्पष्टीकरण नाही. पण लढती पाहिल्यावर मला जे वाटतं ते सांगतो. ज्युदोत पकड मिळवणं ही अर्धी लढाई असते. कोणाचा हात आधी बाहीवर पडतो, कोण कॉलर धरतो, यावर पुढची काही सेकंदं ठरतात. पंच सुरुवात करून देण्याआधीच हातात हात आला की त्याचा फायदा उठवायचा मोह होणारच. वाकताना दोघंही एकमेकांच्या हाताबाहेर असतात.

लढत संपली, रेई राहिली

इथे सगळ्यात जास्त मुलं चुकतात, कारण मन दुसरीकडे असतं. पंच ‘इप्पोन’ म्हणजे लढत जिंकून देणारा पूर्ण गुण पुकारतात किंवा वेळ संपते आणि ‘सोरेमादे’ म्हणजे ‘इथवरच’ असं ऐकू येतं. तुम्ही खाली असाल तर उठा. ज्युदोगी सुटला असेल तर नीट करा, पट्टा बांधा. सुरुवातीच्या जागेवर परत या. पंच हाताने विजेता दाखवतील. तो दाखवल्यावर दोघांनी उजव्या पायाने एक पाऊल मागे जायचं आणि पुन्हा तशीच रेई करायची. सुरुवातीला डावा पाय पुढे, शेवटी उजवा मागे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

त्यानंतर हात मिळवायचा, मिठी मारायची, पाठ थोपटायची तर ती जागा ही. पोरं इथे तालमीतली सवय मोकळेपणाने वापरू शकतात आणि वापरतातही. मग मॅटवरून बाहेर. बाहेर पडेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, जॅकेट काढायचं नाही. हरल्यावर रागाने पट्टा ओढून काढत चालणारी मुलं दिसतात. ते मॅटच्या बाहेर गेल्यावर केलं तर कुणाची हरकत नसते.

जिंकणाऱ्यालाही हेच लागू. 1964 साली टोकियोत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटोन गीसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून हरवलं, तेही जपानी प्रेक्षकांसमोर. गीसिंकच्या बाजूची माणसं आनंदाने मॅटकडे धावली. त्याने हात वर करून त्यांना थोपवलं. लढत संपली होती, पण रेई अजून व्हायची होती.

हात मिळवला नाही तर चालतं, वाकलं नाही तर नाही

हा फरक सगळ्या जगाने पाहिला तो 2016 साली रिओत. 100 किलोवरील पुरुष गटात इस्रायलच्या ओर सासोनने इजिप्तच्या इस्लाम अल शहाबीला हरवलं. लढत संपल्यावर सासोनने हात पुढे केला. अल शहाबीने तो घेतला नाही आणि निघाला. पंचांनी त्याला परत बोलावलं. कशासाठी, तर हात मिळवण्यासाठी नाही, रेईसाठी. तो परतला, जेमतेम मान झुकवली आणि गेला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या शिस्तपालन आयोगाने त्याला समज दिली आणि इजिप्तच्या पथकाने त्याला मायदेशी पाठवलं. सासोनने त्या दिवशी कांस्यपदक मिळवलं.

हा प्रसंग मुलांना सांगताना मी राजकारणात शिरत नाही. पंचांनी नेमकं काय केलं तेवढं दाखवतो. हस्तांदोलन नाकारणं असभ्य वाटलं तरी पंच त्याची सक्ती करू शकत नव्हते. वाकण्याची सक्ती मात्र त्यांना करता येत होती आणि ती त्यांनी केली. तेव्हा तुमच्या लढतीनंतर समोरच्या मुलाने हात घेतला नाही, तर पंचांकडे तक्रारीच्या नजरेने पाहू नका. हात खाली घ्या आणि बाहेर पडा. त्याने रेई केली असेल तर त्याच्याकडून काहीच बाकी नाही.

कपाळाला हात लावायचा तो कुठे

आपल्याकडचा एक खास प्रश्न उरतो. मॅटवर चढताना खाली वाकून मॅटला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा, ही आपल्या बहुतेक खेळाडूंची सवय आहे. हौद्यातल्या लाल मातीपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सगळीकडे ती दिसते. कुणी छातीशी हात जोडतं, कुणी गळ्यातलं लॉकेट ओठांना लावतं.

गावातल्या किंवा जिल्ह्यातल्या स्पर्धेत याला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण आंतरराष्ट्रीय महासंघ मॅटवर धार्मिक खूण करू देत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मॅटवर येताना ख्रिस्ती क्रूसाची खूण केली म्हणून सर्बियाच्या नेमान्या माय्दोव्हला महासंघाने 2024 मध्ये 5 महिन्यांची बंदी घातली. तो माजी विश्वविजेता होता. नियम योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, आणि तो बराच घातलाही गेला. लहान मुलाला मी एवढंच सांगतो की मनातलं सगळं मॅटच्या बाहेर, चप्पल काढतो तिथे करून घे. देवाचं नाव तिथे घे, सरांच्या पाया तिथे पड, जमिनीला हात तिथे लाव. मॅटवर चढल्यावर फक्त रेई. लहानपणीच ही सवय लागली तर पुढे राज्याच्या किंवा देशाच्या संघात गेल्यावर ती मोडावी लागत नाही.

मोठ्या माणसाशी किंवा आपल्याच सरांच्या जुन्या विद्यार्थ्याशी लढत आली, तर लढतीनंतर पाया पडायला वाकणारी मुलंही असतात. त्यातही हरकत नाही, फक्त रेई आधी झालेली असावी आणि ते मॅटच्या बाहेर व्हावं.

सराव

क्लबमध्ये रेई दोन प्रकारची करतात. उभ्याने केलेली, आणि वर्गाच्या सुरुवातीला व शेवटी गुडघ्यांवर बसून केलेली. बसताना डावा गुडघा आधी टेकतो, उठताना उजवा पाय आधी उचलतो. तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून उजवा पाय शक्य तितका वेळ मोकळा ठेवायचा, असं त्याचं कारण सांगतात. स्पर्धेच्या लढतीत बसून रेई नसते, म्हणून इथे जास्त बोलत नाही. पण पायांचा क्रम अंगात मुरायला तिचा उपयोग होतो.

स्पर्धेसाठीची रेई घरच्या फरशीवरही बसवता येते. जमिनीवर चिकटपट्टीचे दोन तुकडे समोरासमोर लावा, मध्ये चार-पाच पावलांचं अंतर ठेवा. एका पट्टीवर मूल, दुसरीवर भाऊ, बहीण किंवा बाबा. दोघांनी मागून चालत येऊन पट्टीवर थांबायचं, वाकायचं, डावा पाय पुढे टाकायचा. मग तिसऱ्या कुणीतरी ‘हाजिमे’ म्हणायचं, पण दर वेळी वेगळ्या अंतराने. कधी लगेच, कधी चांगलंच थांबून. त्या मधल्या वेळात ज्याचा हात आधी पुढे जाईल तो हरला. लहान मुलांना हा खेळ आवडतो, आणि शब्दाची वाट बघायची सवय त्यातूनच लागते. पंच लगेच ‘हाजिमे’ म्हणतीलच असं नाही. कधी टेबलावरचं घड्याळ तयार नसतं, कधी शेजारच्या मॅटवरून कुणी आडवं येतं. तेवढा वेळ हात खाली ठेवून उभं राहता आलं पाहिजे.

मोबाइलवर बाजूने चित्रण करून घ्या. समोरून नको, समोरून पाठीचा बाक दिसत नाही. बाजूने पाहिलं की मान मोडलीय का, गुडघे वाकलेत का, हात मांड्यांवरून खाली आले की पोटाशी अडकले, हे मुलाला स्वतःलाच दिसतं. एकदा पट्टा सैल बांधूनही करून बघा. लढतीनंतरची रेई बहुतेक वेळा तशाच अवस्थेत करायची वेळ येते, आणि तेव्हा आधी पट्टा बांधायचा, मग वाकायचं.